कोलकाता किती सुरक्षित?



पुण्याहून कोलकात्याला बिऱ्हाड हलवायचं ठरत होतं, तेव्हा सगळे एकच वाक्य ऐकवायचे : "अगं, ते तर देशातलं सर्वांत सुरक्षित शहर!" सोबत मुलगी आणि सासूबाई असल्यामुळे हे वाक्य तपासून बघणं भाग होतं. आपल्यापैकी अनेकांची मुलं आता परगावी निघाली आहेत, म्हणून तो तपास आज सांगते.

हे वाक्य येतं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालातून. त्यात वीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या १९ शहरांमधले दर लाख लोकसंख्येमागचे गुन्हे दिलेले असतात. २०२१ साली कोलकात्याचा आकडा होता १०३.४ आणि पुण्याचा २५६.८. म्हणजे पुणं अडीचपट वाईट? गणिताच्या बाई आपल्याला विचारायच्या, "छेदात काय घेतलंस?" मी तेच विचारलं.

कोलकात्यात त्या वर्षी १४,५९१ गुन्हे नोंदले गेले. भागाकार उलटा करून पाहिला, तर छेदात १४१ लाख लोक निघतात. ही लोकसंख्या कोलकाता शहराची नाही, २०११च्या जनगणनेतल्या संपूर्ण नागरी समूहाची आहे. त्यात हावडा, बराकपूर, बिधाननगर असं सगळं येतं आणि या तिन्ही ठिकाणी स्वतंत्र पोलीस आयुक्तालयं आहेत. महापालिका हद्दीत तेव्हा माणसं होती फक्त सुमारे ४५ लाख. तेच गुन्हे ४५ लाखांनी भागले, तर दर ३२४ वर जातो. एका छेदापायी शहर यादीत तळाशीही बसतं आणि पुण्याच्या वरही चढतं. पण थांबा, पुण्याचा छेदही तसाच आहे. साडेपन्नास लाखांत पिंपरी-चिंचवड धरलेलं आहे आणि तिथे २०१८पासून वेगळं आयुक्तालय आहे. तेव्हा दोन शहरांची अशी तुलना मी सोडूनच दिली.

छेद २०११चा, हीसुद्धा अडचणच. २०२१ची जनगणना झालीच नाही. पुण्यासारखं शहर दर वर्षी फुगतं, गुन्हे आजच्या माणसांचे मोजले जातात आणि भागायला माणसं मात्र जुनी. कोलकाता शहराची लोकसंख्या तर २००१ ते २०११मध्ये किंचित घटलीच होती.

अंशाची गंमत वेगळी. नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा एक नव्हे, असं हा विभाग स्वतःच बजावतो. जिथे पोलीस पटकन तक्रार घेतात, तिथला आकडा वाढतो. कोची या यादीत दरात फार वर असतं, ते वाचून तिथली नोकरी नाकारायचं कारण नाही. शिवाय एका प्रकरणात अनेक गुन्हे असले, तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. म्हणून मी एकूण आकडा बाजूला ठेवून खून आणि वाहनचोरी एवढंच बघते. खून सहसा दडपता येत नाही आणि गाडी चोरीला गेली की विम्यासाठी एफआयआर लागतोच, त्यामुळे या दोन नोंदी त्यातल्या त्यात खऱ्या असतात.

आता आमचा खरा प्रश्न. ऑफिस सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. तो भाग बिधाननगर आयुक्तालयाचा, कोलकाता पोलिसांचा नव्हे. म्हणजे ज्या आकड्याच्या भरवशावर सगळे अभिनंदन करत होते, त्याचा आमच्या गल्लीशी संबंध बेताचाच! मग जनगणनेचे वॉर्डवार तक्ते उघडले. तिथेही गाठ होती : बिधाननगर महापालिका २०१५ची, त्यामुळे २०११च्या तक्त्यांत केष्टोपूर, बागुईआटी शोधायचं तर राजारहाट-गोपालपूर या जुन्या नगरपालिकेच्या नावाखाली. नळ घरात आहे की बाहेर, घर भाड्याचं की मालकीचं, हे तिथे कळतं. पाणी किती तास येतं, पावसात रस्ता बुडतो का, हे कळत नाही.

ते सांगतात तिथे राहणारी माणसं. पण बोलायला पुढे येतात ते एकतर चिडलेले, नाहीतर घर विकायला बसलेले. "एरिया एकदम चांगला" हे वाक्य मी सरळ सोडून देते. ज्यात जागा आणि वेळ आहे, तेवढंच टिपून घेते : अमुक मिठाईच्या दुकानासमोर, जोरदार पावसानंतर गुडघाभर पाणी, उतरायला दोन दिवस. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी, वेगवेगळ्या वर्षांबद्दल हेच सांगितलं, तर ती नोंद माझ्या लेखी पक्की.

अशा तीन नोंदींवर आम्ही केष्टोपूरच्या कालव्यालगतचं स्वस्त घर नाकारलं. मग ऑगस्टमध्ये मुद्दाम चार दिवस जाऊन राहिलो. रात्री नऊला सेक्टर फाइव्हपासून दुसऱ्या एका घरापर्यंत मी आणि मुलगी चालत गेलो, वाटेत किती दुकानं उघडी आहेत आणि बायका फिरताहेत का, ते मोजत. ते घर घेतलं.