करार मोडला, तर भरलेली स्टॅम्प ड्युटी परत मागता येते

(प्रभागसंघाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच जणींची मुलं, मुली, जावई पुण्यात नोकरीला आहेत. भाड्याच्या खोलीत राहून कंटाळले की ती छोटा फ्लॅट बघतात, आणि मग गावाकडून आपण हातभार लावतो. कुणी गटातून कर्ज काढतं, कुणी म्हैस विकतं, कुणी डाग मोडतं. करारनामा होतो, स्टॅम्प ड्युटी भरली जाते. पुढे बँकेचं कर्ज मंजूर होत नाही, नाहीतर बिल्डरच मागे सरतो, आणि व्यवहार मोडतो. बिल्डरला दिलेल्या पैशासाठी आपण भांडतो. स्टॅम्प ड्युटीबद्दल मात्र म्हणतो, "ती सरकारजमा झाली, आता कुठली परत मिळायची!"

आज मी एवढंच सांगायला उभी आहे की ती परत मागता येते. पण त्याला मुदत आहे, आणि पैसा बुडतो तो बहुतेक वेळा मुदत चुकल्यामुळे.

आधी रक्कम किती असते ते बघू. पुणे शहराच्या हद्दीत राहत्या घराच्या करारावर सात टक्के मुद्रांक शुल्क लागतं. यात महापालिकेचा एक टक्का आणि मेट्रोचा एक टक्का आला. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत आहे, म्हणजे सहा टक्के. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ही सवलत जाते. तर समजा, एका ताईने स्वतःच्या एकटीच्या नावावर तीस लाखांचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. तिला 1 लाख 80 हजार मुद्रांक शुल्क भरावं लागेल. शिवाय नोंदणी फी 30 हजार. ही फी एक टक्का असते आणि 30 हजारांच्या वर जात नाही. करार नोंदवून झाल्यावर ही 30 हजार फी परत मिळत नाही, कारण नोंदणीचं काम होऊन गेलेलं असतं. परत मागायचे ते 1 लाख 80 हजार. त्यातूनही सरकार नियमाप्रमाणे काही कपात करतं आणि बाकीची रक्कम देतं.

आता या ताईचीच गोष्ट तारखांसकट पुढे नेऊ. समजा, तिचा करारनामा 10 मार्च 2025 ला झाला आणि त्याच दिवशी दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला. इमारत अजून बांधायची आहे, चावी मिळालेली नाही. सप्टेंबरमध्ये बँकेने कर्ज नाकारलं. बिल्डर म्हणाला, ठीक आहे, करार रद्द करू.

इथे दोन रस्ते फुटतात, आणि ताई कुठल्या रस्त्याने जाते त्यावर तिचे पैसे ठरतात.

पहिला रस्ता असा. बिल्डरच्या ऑफिसात पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलं, की करार रद्द झाला. नोटरीचा शिक्का मारला, दोघांनी सह्या केल्या आणि ताई घरी आली. तिला वाटलं काम झालं. पण मुद्रांक कार्यालयात असा कागद चालत नाही. नोंदलेला करार नोंदलेल्या कागदानेच रद्द व्हावा लागतो. तसा कागद नसेल तर कायद्यातली साधी मुदत लागू होते, आणि ती करारनाम्याच्या तारखेपासून सहा महिने आहे. म्हणजे 10 सप्टेंबर 2025. बँकेचं नकाराचं पत्र हातात पडेपर्यंत ती संपत आली होती.

दुसरा रस्ता असा. ताईने बिल्डरला सोबत घेतलं, दुय्यम निबंधकाकडे गेली आणि रद्दलेख नोंदवला. आपल्याकडे याला सगळे कॅन्सलेशन डीड म्हणतात. समजा तो 15 डिसेंबर 2025 ला नोंदला गेला. आता सहा महिने मोजायचे ते या तारखेपासून. म्हणजे 15 जून 2026 च्या आत तिचा परताव्याचा अर्ज पोचला पाहिजे. ताई तीच, फ्लॅट तोच. फरक पडला तो एका नोंदणीने.

ही सवलत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 48 मध्ये आहे. तिला तीन अटी आहेत, त्या नीट लक्षात ठेवा. करारनामा विक्रीचा आणि नोंदलेला हवा. करार केल्यापासून पाच वर्षांच्या आत तो नोंदणीकृत रद्दलेखाने रद्द झालेला हवा. आणि रद्द होण्याआधी मालमत्तेचा ताबा घेतलेला नसावा. व्यवहार का मोडला, याला इथे महत्त्व नाही. कर्ज मिळालं नाही, घरात आजारपण आलं, बिल्डर मागे हटला, काहीही कारण चालतं.

यातली ताब्याची अट अनेकांना अडवते. आपण गावाकडे बिनताबा साठेखत आणि ताबा साठेखत असे शब्द वापरतो ना, तीच ही गोष्ट. प्रत्यक्षात चावी मिळाली नसली तरी करारात "ताबा आज दिला आहे" असं वाक्य घालून ठेवलेलं असू शकतं. अधिकारी कागद वाचतो. म्हणून सही करण्याआधी ताब्याचा परिच्छेद कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. रद्दलेखातही स्पष्ट लिहून घ्या, की ताबा दिलेला नव्हता आणि घेतलेला नव्हता. आणि एक, हे सगळं करारनाम्याबद्दल आहे. खरेदीखत होऊन मालकी बदलली असेल तर हा रस्ता उघडा नाही.

काही जण तुम्हाला सांगतील, "घाई कशाला, दोन वर्षं मुदत असते." त्यांचं अगदी खोटं नाही, पण ते जुनं आहे. पूर्वी रद्दलेखापासून दोन वर्षं होती. 24 एप्रिल 2015 पासून ती सहा महिने झाली. मुंबईतल्या फ्लॅटचं असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यांनी मार्च 2015 मध्ये रद्दलेख केला होता, म्हणजे कायदा बदलायच्या महिनाभर आधी. रद्दलेखाची नोंदणी एप्रिलअखेर झाली, तोवर बदल लागू झाला होता. अर्ज त्यांनी 2016 मध्ये केला आणि तो मुदतीबाहेरचा म्हणून नाकारला गेला. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की रद्दलेख झाला तेव्हा जुनी मुदत होती, म्हणून त्यांना परतावा द्या. ते जिंकले ते जुन्या कायद्यामुळे, आणि त्यालाही दहा वर्षं लागली. आज करार मोडणाऱ्या बाईला दोन वर्षं नाहीत. सहा महिनेच धरून चाला.

दुसरं एक प्रकरण एका बाईंचं आहे. त्यांनी मे 2014 मध्ये शुल्क भरलं. दस्त नोंदवण्याआधी कळलं, की विकणाऱ्याने ती मालमत्ता आधीच दुसऱ्याला विकलेली आहे. त्यांनी सहा महिने संपायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, ऑनलाइन अर्ज टाकला. रद्दलेख मात्र नोव्हेंबरमध्ये झाला, म्हणून कार्यालयाने नकार दिला. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पैसे परत करायला सांगितले. फसवणूक झालेली बाई आणि वेळेत टाकलेला अर्ज, या दोन गोष्टी त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. यातून आपण काय घ्यायचं? एखादा कागद यायचा बाकी आहे म्हणून अर्ज थांबवायचा नाही. मुदतीत अर्ज टाकायचा आणि राहिलेला कागद मिळाला की लगेच नेऊन द्यायचा.

आता अर्ज कसा करायचा ते सांगते. नोंदणी व मुद्रांक विभागाचं संकेतस्थळ igrmaharashtra.gov.in आहे. तिथे मुद्रांक शुल्क परताव्याची ऑनलाइन सोय आहे. अर्ज भरला की एक टोकन नंबर मिळतो. तो वहीत लिहून ठेवा आणि अर्जाची प्रिंट काढा. पण एवढ्यावर काम संपत नाही. ती प्रिंट आणि मूळ कागद घेऊन मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जावं लागतं. पुण्यात पुणे शहर आणि पुणे ग्रामीण अशी दोन वेगळी कार्यालयं आहेत. आपला फ्लॅट कुणाच्या हद्दीत येतो हे जिथे दस्त नोंदला त्या दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल. कागद दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका. पोचेवरची तारीख हाच पुढे तुमचा पुरावा.

सोबत काय न्यायचं? मूळ करारनामा, मूळ रद्दलेख, दोन्हींची सूची क्रमांक दोन, शुल्क भरल्याचं चलन, बिल्डरने पैसे परत केल्याचा बँकेतला पुरावा, तुमचं ओळखपत्र आणि बँक खात्याचा रद्द केलेला चेक. प्रतिज्ञापत्रही लागतं, त्याचा नमुना कार्यालयातच विचारा. चलनावर शुल्क भरणारा म्हणून कुणाचं नाव आहे ते आधी तपासा. बिल्डरच्या "स्टॅम्प ड्युटी फ्री" योजनेत शुल्क त्याने भरलेलं असेल, तर ते आपले पैसे म्हणून मागता येणार नाहीत.

मूळ करारनाम्यावर माझा इतका जोर का, ते सांगते. कर्जाची फाईल टाकली असेल तर तो बँकेत अडकलेला असतो. बुकिंग रद्द करताना बिल्डरही म्हणतो, मूळ प्रत आमच्याकडे जमा करा. देऊ नका. द्यावीच लागली तर परताव्यासाठी परत मिळेल असं लिहून घ्या. बँकेकडून तो सोडवायला वेळ लागतो, म्हणून रद्दलेखाचं ठरलं त्याच आठवड्यात बँकेला पत्र द्या.

आणखी एक सापळा आहे. बिल्डर म्हणतो, "तुमचे पैसे टप्प्याटप्प्याने देतो, शेवटचा हप्ता मिळाल्यावर बघू स्टॅम्प ड्युटीचं." रद्दलेख नोंदवून झालेला असतो, हप्ते आठ महिने चालतात, आणि आपले सहा महिने गुपचूप निघून जातात. बिल्डरकडून यायचे पैसे वेगळे, सरकारकडून यायचे पैसे वेगळे. दुसऱ्यासाठी पहिल्याची वाट बघायची नाही. हप्ते राहिले असतील तर रद्दलेखात त्यांच्या तारखा लिहून घ्या आणि अर्ज लगेच टाका.

अर्ज दिल्यावर अधिकारी कागद तपासतात, त्रुटी असेल तर कळवतात. मोठ्या रकमेचा अर्ज निर्णयासाठी वरच्या अधिकाऱ्यांकडे जातो, त्यामुळे वेळ लागतो. मोबाईल नंबर बदलला तर कार्यालयाला कळवा, नाहीतर त्रुटीचा निरोप दुसऱ्याच कुणाकडे जायचा. नकार मिळाला तर तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी आदेश मागा, त्यातलं कारण वाचा आणि दिवस न घालवता वकिलाला दाखवा. मुद्रांक विभागाचं राज्याचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे, आणि तक्रार वर नेण्याची वाट तिथूनच जाते.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत आपल्या गटात विचारा, कुणाच्या घरातला असा करार गेल्या काही महिन्यांत मोडला आहे का. असेल तर तिला दोनच तारखा विचारा. करार कधी झाला? रद्दलेख कधी नोंदला? दुसऱ्या तारखेत सहा महिने मिळवा आणि जी तारीख येईल ती गटाच्या वहीत लाल पेनाने लिहा. रद्दलेख नोंदलाच नसेल, तर बिल्डरला घेऊन दुय्यम निबंधकाकडे जायची तारीख त्याच बैठकीत ठरवा.