आठ तासांचा दिवस कुणाचा असतो?

आजचा विषय त्या एका प्रश्नाचा, जो मीटिंग संपता संपता हळूच येतो: "मग, कधीपर्यंत होईल?" आणि सगळे लॅपटॉपकडे बघायला लागतात.

एक उदाहरण घेऊ. डब्याचं अ‍ॅप आहे, त्यात महिन्याचा डबा लावायची आणि गावाला गेलं की तो थांबवायची सोय करायची आहे. कामांची यादी केली, प्रत्येकापुढे तास लिहिले. कोडिंगचे १८०, टेस्टिंगचे ६०, एकूण २४०. टीममध्ये तीन डेव्हलपर, एक टेस्टर. आता कॅल्क्युलेटरवाला माणूस काय करतो? चार माणसं गुणिले आठ तास म्हणजे दिवसाला ३२. २४० भागिले ३२, साडेसात दिवस. सोमवारी सुरू केलं तर पुढच्या बुधवारी तयार! क्लायंटला मेल जातो, आणि इथूनच रात्रीची जागरणं सुरू होतात.

पहिली गडबड त्या आठमध्ये आहे. आठ तास आपण ऑफिसात असतो, पण त्यात स्टँडअप आहे, दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू आहे, "दोन मिनिटं आहेत का" म्हणत येणारे लोक आहेत, लाइव्ह सिस्टीमवर काही बंद पडलं की ते आहे. हे काम नाही असं नाही, पण यादीतलं काम नाही. मग यादीसाठी किती उरतात? अंदाज नको, मोजा. मागच्या स्प्रिंटमध्ये एक जण नऊ दिवस हजर होता, आणि यादीतल्या कामांवर त्याचे एकूण ४६ तास गेले. भागाकार करा, पाचाच्या जरा वर. असे तीन-चार स्प्रिंट बघितले की तुमच्या टीमचा आकडा कळतो. आपण पाच धरू.

इथे एक गोष्ट मात्र विचारून घ्या. एखादा म्हणाला "आठ तास लागतील", तर त्याच्या डोक्यात आठ तास सलग काम आहे, की "एक दिवस लागेल" हे तो आठ तास असं सांगतोय? दुसरं असेल तर व्यत्यय त्याने आधीच धरलेत. त्यावर परत पाचाने भागलंत तर तीच कात्री दोनदा लागते. माझ्या मते निम्म्या चुकीच्या तारखा या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे येतात.

आता माणसं. पहिला डेव्हलपर पूर्णवेळ, त्याचे पाच तास. दुसरी अर्धा वेळ दुसऱ्या प्रोजेक्टवर. तिचे अडीच धरावेसे वाटतात, पण इकडून तिकडे डोकं वळवायलाही वेळ जातो, म्हणून मी दोन धरतो. तिसऱ्याचे पाच, पण त्याच्या बहिणीचं लग्न आहे, चार दिवस लातूरला. दिवसाचे झाले बारा तास. लग्नाचे वीस तास वजा होणार, म्हणजे १८० अधिक २० भागिले १२, सतरा दिवस. हे चार दिवस हिशेबात आधीच लिहिले नाहीत, तर ऐनवेळी सगळे त्याच्याकडेच बघतात, आणि तो मांडवात लॅपटॉप उघडून बसतो.

टेस्टरचे ६० तास म्हणजे पाच-पाचने बारा दिवस. पण ती पहिल्या दिवशी तपासणार काय? पहिले स्क्रीन सातव्या दिवशी हातात येतील असं धरलं, तर सतराव्या दिवसापर्यंत तिचे अकरा दिवस होतात. उरलेला एक कोडिंग संपल्यावर, आणि शेवटचे बग दुरुस्त झाल्यावर पुन्हा तपासायला आणखी एक. एकोणिसावा दिवस. चौथ्या आठवड्यातला गुरुवार. मध्ये एक सुट्टी आली की शुक्रवार, आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करणाऱ्याला आमच्यात कुणी चहा पाजत नाही, म्हणून सोमवार.

आठ दिवस कुठे, चार आठवडे कुठे! आणि आपण एकाही कामाचे तास वाढवले नाहीत.

या हिशेबालाही मर्यादा आहे. कामं मोकळेपणी वाटता येतात असं तो धरतो. सर्व्हरची बाजू तयार होईपर्यंत स्क्रीनवाला अडून बसला, तर त्याचे पाच तास कागदावरच राहतात. म्हणून कुठलं काम कशासाठी थांबलंय ते यादीतच लिहा. आणि पेमेंटसारखं आधी कधी न केलेलं काम असेल तर तिथे एक आकडा देऊ नका. "तीस ते साठ" म्हणा, दोन्ही टोकांनी तारीख काढा, आणि ते काम पहिल्या आठवड्यातच हातात घ्या.

सरांना सांगताना नुसती तारीख सांगू नका, मागचं गणित दाखवा. "लवकर हवंय" म्हणाले तर वाद दिवसांवर घालायचा नाही. दुसऱ्या प्रोजेक्टवरची ती पूर्णवेळ मिळाली तर रोजचे बारा तास पंधरा होतात, कोडिंग चौदाव्या दिवशी संपतं. किंवा डबा थांबवायची सोय पुढच्या रिलीजला ढकला. यातलं काय चालेल ते त्यांना ठरवू द्या. आणि दर शुक्रवारी उरलेले तास पुन्हा मोजा. पहिल्या आठवड्यात साठऐवजी चाळीसच तास संपले असतील, तर ते त्याच सोमवारी सांगायचं, चौथ्या आठवड्यात नाही.