अर्धा गुण नेमका कुठे पडतो?

(अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बहुतेक जण रविवारी मुलांना विज्ञान आणि गणित शिकवता. शाळेतल्या बाई किंवा सर ओळखीचे असले, तर सराव परीक्षेची गुणदान योजना तुम्हाला मिळते. मग तिची झेरॉक्स काढली जाते आणि 'मॉडेल आन्सर' म्हणून मुलांच्या हातात पडते. आज मला याच झेरॉक्सविषयी बोलायचं आहे. गुणदान योजना आणि आदर्श उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजना लिहिली जाते तपासणाऱ्यासाठी. तिला विषय येतो, तिला फक्त कुठे थांबून बरोबरची खूण करायची एवढंच हवं असतं. मुलाला हवं असतं ते उलट बाजूनं: मी कागदावर काय लिहिलं म्हणजे ती खूण पडेल?

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. दहावीच्या विज्ञान भाग १ मधला भिंगांचा धडा घ्या. प्रश्न असा: 4 सेमी उंचीची वस्तू 20 सेमी नाभीय अंतर असलेल्या बहिर्वक्र भिंगापासून 30 सेमी अंतरावर ठेवली आहे, तर प्रतिमेचे स्थान, आकार आणि स्वरूप काढा. गुण 3. बाईंची योजना साधारण अशी असते:

```
सूत्र                 ½
चिन्हांसह किमती       ½
आकडेमोड               ½
v = 60 cm             ½
M वरून h₂ = −8 cm     ½
स्वरूप                ½
एकक नसल्यास त्या ओळीचा गुण नाही. पु.चू. ग्राह्य.
```

हे मुलाला दिलं तर तो 'चिन्हांसह किमती' हे शब्दच पाठ करून येईल. आणि 'पु.चू.' म्हणजे काय ते त्याला कोण सांगणार? ती खूण तपासणाऱ्यांमधली आहे: पुढे नेलेली चूक. तिच्याकडे मी नंतर येतो.

आधी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हा अर्धा गुण देण्यासाठी तपासणाऱ्याला कागदावर नेमकं काय दिसायला हवं? 'चिन्हांसह किमती' म्हणजे दिसायला हवं u = −30 cm, यातला ऋण चिन्हासकट. कार्टेशिअन चिन्ह संकेतात वस्तू भिंगाच्या डावीकडे असते आणि डावीकडची अंतरं ऋण. भिंग बहिर्वक्र म्हणून f धन. ही तीन अक्षरांची ओळ मुलं मनातल्या मनात करतात आणि थेट आकडेमोडीवर उडी मारतात. मनातलं चिन्ह तपासणाऱ्याला दिसत नाही. आता उत्तर लिहू. उजव्या कडेला गुण त्या ओळीसमोर आहे, जिथे तो खरोखर पदरात पडतो:

```
दिलेले : h₁ = 4 cm, u = −30 cm, f = +20 cm      (½)
सूत्र  : 1/v − 1/u = 1/f                        (½)
1/v = 1/f + 1/u = 1/20 − 1/30
    = (3 − 2)/60 = 1/60                         (½)
v = 60 cm, भिंगाच्या दुसऱ्या बाजूस              (½)
M = h₂/h₁ = v/u = 60/(−30) = −2
h₂ = −2 × 4 = −8 cm                             (½)
प्रतिमा वास्तव, उलटी व वस्तूपेक्षा मोठी आहे.    (½)
```

योजनेत सूत्र आधी होतं, इथे किमती आधी आहेत. चालतं. क्रम मुलाच्या विचाराचा असावा, गुणांच्या यादीचा नाही. आणि 'आकडेमोड' या एका शब्दाच्या जागी दोन ओळी आल्या, कारण छेद समान केल्याची ओळ दिसली नाही तर तपासणाऱ्याला पद्धत दिसत नाही.

इथे गुणांच्या जातीबद्दल दोन शब्द. केंब्रिजसारख्या परीक्षा मंडळांच्या गणिताच्या योजनांत गुणासमोर M, A किंवा B अक्षर असतं. M पद्धतीचा, A अचूक उत्तराचा, B स्वतंत्र. A गुण सहसा त्याच्या M वर अवलंबून असतो. पद्धत दिसली नाही किंवा उत्तरावरून गृहीतही धरता आली नाही, तर नुसतं उत्तर बरोबर येऊन भागत नाही. आपल्या बाई ही अक्षरं लिहीत नाहीत, पण डोक्यात हाच हिशेब असतो. वरच्या उत्तरात आकडेमोडीचा अर्धा गुण पद्धतीचा, 60 cm चा अचूकतेचा आणि सूत्राचा स्वतंत्र आहे. ज्या मुलाला पुढचं काहीच सुचत नाही, त्यालाही सूत्राचा अर्धा मिळतो. हे मुलांना माहीत नसतं, म्हणून ती प्रश्न कोराच सोडतात.

आता पुढे नेलेली चूक. आदर्श उत्तराच्या खाली एक फसलेलं उत्तरही द्यावं असं माझं मत आहे, आणि तेही गुणांसकट. समजा मुलानं u = 30 लिहिलं, ऋण चिन्ह विसरला. मग त्याचं काम असं होतं:

```
1/v = 1/20 + 1/30 = 5/60 = 1/12,   v = 12 cm
M = 12/30 = 0.4,   h₂ = 0.4 × 4 = 1.6 cm
प्रतिमा वास्तव, सुलटी, लहान
```

सूत्राचा अर्धा मिळाला. किमतींचा गेला. आकडेमोड त्याच्या स्वतःच्या आकड्यांवर बिनचूक आहे, म्हणून अर्धा मिळाला. v चुकला, तो अर्धा गेला. पण h₂ ची पद्धत बरोबर आहे आणि चूक मागून आली आहे, म्हणून 'पु.चू. ग्राह्य' या दोन शब्दांमुळे हा अर्धा मिळतो. स्वरूपाचा मात्र नाही. एकाच भिंगानं वास्तव वस्तूची वास्तव आणि सुलटी प्रतिमा होत नाही, आणि हे त्याला आकडेमोडीशिवायही ठाऊक असायला हवं. एकूण 3 पैकी 1½. चिन्हाची चूक एकच, पण दीड गुण गेला आणि दीड राहिला. तो कुठे राहिला हे बघितल्यावर मूल 'माझं सगळंच चुकलं' म्हणत पान फाडत नाही.

आणि याच उत्तरात स्वतःची चूक पकडायची खूणही आहे. बहिर्वक्र भिंगाची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच पडत नाही. f 20 आणि v 12 आला, तर तिथेच पेन थांबला पाहिजे. योजनेत ही ओळ कधी नसते, कारण तपासणाऱ्याला तिची गरज नाही. आदर्श उत्तराच्या समासात ती जरूर लिहा.

गणिती प्रश्नात पायऱ्या तरी दिसतात. शास्त्रीय कारणे लिहा, या प्रश्नात खरी पंचाईत होते. थंड प्रदेशात तळ्यावर बर्फ साचला तरी मासे जिवंत राहतात, कारण द्या, गुण 2. बाईंच्या योजनेत चार तुकडे: पाण्याची घनता 4°C ला सर्वाधिक; ते पाणी तळाशी; बर्फ वर तरंगतो; बर्फ दुर्वाहक, किंवा तत्सम. प्रत्येकी ½.

अभ्यासिकेतल्या एका मुलीनं लिहिलं: 'बर्फ वर तरंगतो आणि खाली पाणी असतं, म्हणून मासे जगतात.' तिला अर्धा गुण. ती चिडली, आणि तिच्या बाजूनं खरं आहे, तिनं खोटं काही लिहिलं नव्हतं. पण प्रश्न 'का' असा आहे. खाली पाणी असतं हे सांगितलं. ते गोठत का नाही हे राहिलं. आता आदर्श उत्तर वाक्यावाक्यानं:

पाणी 4°C पर्यंत थंड होताना आकुंचन पावते आणि त्याखाली प्रसरण पावते, म्हणून 4°C ला त्याची घनता सर्वाधिक असते (½). त्यामुळे 4°C चे पाणी तळाशी जाऊन राहते (½). 0°C ला तयार होणारा बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्याने पृष्ठभागावर तरंगतो (½). बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असल्याने खालच्या पाण्यातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तळाचे पाणी द्रवरूप राहते व मासे जगतात (½).

'किंवा तत्सम' हे शब्द आपल्या मुलांसाठी फार मोलाचे आहेत. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून मराठीत आलेल्या मुलाच्या डोक्यात बहिर्वक्र भिंग 'मुहद्दब अदसा' म्हणूनच असतं. 'दुर्वाहक' आठवलं नाही, तर तो लिहितो: बर्फ खालची गरमी वर जाऊ देत नाही. अर्थ तोच आहे, हा गुण मागण्याचा त्याला हक्क आहे. पण 'बर्फ थंड असतो' असं लिहिलं, तर तो तत्सम नाही. ही सीमा कुठे आहे हे बाईंना विचारून घ्या आणि आदर्श उत्तराखाली दोन ओळींत लिहा: हे चालेल, हे चालणार नाही. हे तुम्ही स्वतः ठरवू नका. तुम्हाला चालेलसं वाटतं ते तपासणाऱ्याला चालेलच असं नाही.

सीबीएसई दर वर्षी नमुना प्रश्नपत्रिकांबरोबर गुणदान योजना cbseacademic.nic.in वर ठेवते. तिथेही पर्यायी उत्तरं आणि 'कोणतेही दोन' अशा नोंदी दिसतील. 'कोणतेही दोन' असेल तर आदर्श उत्तरात दोनच मुद्दे लिहा. पाच लिहिले, की मूल पाचही पाठ करतं आणि परीक्षेत वेळ घालवतं. बाकीचे तीन खाली 'हेही चाललं असतं' म्हणून ठेवा.

शेवटी तपासणी. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे लिहिलेलं चालतं का हे बघितल्याशिवाय मला झोप येत नाही. पहिली तपासणी बेरजेची: कंसातले अर्धे मिळून प्रश्नाच्या गुणांइतकेच भरतात ना. दुसरी: एकेक वाक्य झाकून पाहा. झाकल्यावर एक तरी गुण जायला हवा. काहीच गेलं नाही, तर ते वाक्य भरतीचं आहे. वरच्या उत्तरात 'त्याखाली प्रसरण पावते' झाकलं तर बहुतेक बाई गुण देतीलच. मी ते ठेवलं, कारण त्याशिवाय बर्फ हलका का हे मुलाला कळत नाही. आणि दोन अर्धे एकाच वाक्याला चिकटले असतील, तर वाक्य तोडा.

तिसरी तपासणी मला सर्वात विश्वासाची वाटते. कंसातले गुण पुसून ते उत्तर, सोबत वर्गातली दोन फसलेली उत्तरं, दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांना तपासायला द्या. त्यांच्या खुणा तुमच्या खुणांशी कुठे जुळत नाहीत ते पाहा. माशांच्या प्रश्नात एका सरांनी चौथा अर्धा गुण 'दुर्वाहक' या शब्दावर दिला होता, बाईंनी 'द्रवरूप राहते' इथवर गेल्यावर. तेव्हापासून आम्ही ते वाक्य दोन्ही शब्दांसकटच लिहितो.