जिथे उठाव झालाच नाही, तो देश कुठे आहे?

मी तीस वर्षं गणवेशात काढली. आता इंदूरला असतो. शेजारची एक मुलगी राज्यशास्त्रात एम.ए. करते. परवा ती तिचा तुलनात्मक निबंध घेऊन आली. म्हणाली, "कर्नलकाका, विषय तुमचाच आहे. जरा वाचून सांगा ना."

निबंधाचा प्रश्न होता, लष्कर सत्ता का बळकावतं? त्यासाठी तिने तीन घटना घेतल्या होत्या: पाकिस्तान १९५८, ब्रह्मदेश १९६२ आणि बांगलादेश १९७५. निष्कर्ष असा, की ब्रिटिशांकडून आलेलं लष्कर, गरिबी आणि भाषा-जमातींमधले तंटे ही तिन्ही कारणं जिथे एकत्र येतात, तिथे उठाव होतो.

भाषा नेटकी, माहिती बरोबर. मी एवढंच विचारलं, "बेटा, यात भारत कुठे आहे?"

ती म्हणाली, "काका, भारतात उठाव झालाच नाही. म्हणून घेतला नाही."

नेमकी चूक इथेच होती. तिने फक्त उठाव झालेले देश निवडले आणि मग त्यांच्यात काय सारखं आहे ते शोधलं. आता १९४७चा भारत आठवा. लष्कर त्याच ब्रिटिश भारतीय सेनेतून आलेलं, गरिबी तशीच, भाषांचे वाद तर उदंड. तिची तिन्ही कारणं हजर आणि उठाव मात्र नाही. म्हणजे ती कारणं उठावाला पुरेशी नाहीत. ही गोष्ट तिचे तीन देश तिला कधीच सांगू शकले नसते, कारण त्या तिघांतही उत्तर एकच होतं.

शिवाय ब्रह्मदेशाच्या सेनेचा एक मोठा प्रवाह जपान्यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यसेनेतून आला होता. ने विन त्यातलेच. म्हणजे 'ब्रिटिश वारसा' हे कारण तिथे धड लागूही पडत नव्हतं.

मग आम्ही कागदावर भारत आणि पाकिस्तान शेजारी शेजारी मांडले. जे दोघांत सारखं, त्यावर काट मारली. सारख्या गोष्टीने वेगळा निकाल समजावता येत नाही. मग उरलेला फरक पाहिला. भारतात काँग्रेसची गावोगाव संघटना होती. पश्चिम पाकिस्तानात मुस्लिम लीगची मुळं तेवढी खोल नव्हती. जिना १९४८मध्ये गेले, लियाकत अलींची १९५१मध्ये हत्या झाली. आपली राज्यघटना १९५०ला लागू झाली, त्यांची १९५६ला, आणि दोनच वर्षांत ती गुंडाळली गेली. त्यांच्या सेनेत एकट्या पंजाबचं वजन फार मोठं होतं.

तिचे डोळे चमकले. "म्हणजे मजबूत पक्ष हेच कारण!"

मी म्हटलं, "थांब. आत्ताच चार-पाच फरक लिहिलेस. देश दोनच. कुठल्या फरकाने काम केलं, हे दोन देश सांगू शकत नाहीत."

इथे तिचाच बांगलादेश उपयोगी पडला. अवामी लीगने १९७०ची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकली होती, स्वातंत्र्यलढ्याचं नेतृत्व केलं होतं. पक्ष दुबळा म्हणता येणार नाही. तरी १५ ऑगस्ट १९७५ला शेख मुजीब मारले गेले. सेनेत मुक्तियुद्ध लढलेले आणि पाकिस्तानातून परतलेले अधिकारी यांच्यात तेढ होती. शिवाय सरकारने उभ्या केलेल्या रक्षी वाहिनीबद्दल सेनेत राग होता. म्हणजे पक्षाच्या ताकदीबरोबर सेनेची आतली घडणही बघावी लागते. आधी बांगलादेश आणखी एक उदाहरण म्हणून आला होता. आता तो तिच्या उत्तराची परीक्षा घेत होता. देश तोच, पण निवडण्याचं कारण बदललं.

एक सावधगिरी. फक्त उठाव झालेले देश घेणं नेहमीच चूक नसतं. उठाव आतून कसा घडतो, कोण कोणाला भेटतं, कुठली पलटण हलते, हे शोधायचं असेल तर तेच देश घ्यावे लागतात. एखादी गोष्ट उठावाला आवश्यकच आहे असा दावा असेल, तर तो तपासायलाही ते चालतात. फक्त त्यावरून 'ही कारणं असली की उठाव होतोच' असं म्हणता येत नाही.

असा निबंध तपासताना मी आता आधी देश निवडण्याचा परिच्छेद शोधतो. 'माहिती सहज मिळाली' किंवा 'हे महत्त्वाचे देश आहेत' एवढंच लिहिलं असेल, तर तिथे खूण करतो. मग समासात एक प्रश्न लिहितो: कोणता देश घेतला असता तर तुझं उत्तर कोसळलं असतं, आणि तो तू का टाळलास?

मुलीने निबंध पुन्हा लिहिला. आता शीर्षकातच भारत आहे. निष्कर्ष पहिल्यापेक्षा लहान आहे, आणि मला तो जास्त पटतो.