औषधपेटीतली दोन यंत्रं : आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



हॉस्पिटलमधली यंत्रं तपासणं आणि दुरुस्त करणं यात माझी सगळी नोकरी गेली. मी डॉक्टर नाही. त्यामुळे आकडा किती आला की कुठलं औषध घ्यायचं, हे मी सांगणार नाही. तो आकडा खरा आहे की नाही, एवढंच सांगेन. आणि त्यासाठी आधी एक प्रसंग सांगतो. तो ज्यांच्या बाबतीत घडला ते काका समोर पहिल्या रांगेत बसलेत, आणि त्यांची परवानगी घेतलेली आहे.

एप्रिल २०२१. ऑक्सिमीटर कुठेच मिळत नव्हते. कमिटीनं धडपड करून कुठून तरी पाच मिळवले आणि मजल्यांवर वाटले. पेटीवर कंपनीचं धड नावसुद्धा नव्हतं, पण त्या दिवसांत ते बघायला कोणाला सुचत होतं? काकांना ताप येऊन पाच-सहा दिवस झाले होते. रात्री अकराच्या सुमारास काकूंचा फोन आला. "ऑक्सिजन सत्त्याण्णव दाखवतंय हो, पण यांना बोलताना धाप लागतेय. काय करू?" मी मास्क लावून दारापर्यंत गेलो आणि काकूंना म्हटलं, यंत्र राहू द्या बोटाला, दुसऱ्या हाताची नाडी मोजा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. नाडी भरली ११२, आणि यंत्र दाखवत होतं ७४.

तिथेच यंत्राचं पितळ उघडं पडलं. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश पाठवतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येतं आणि त्या दोन्ही प्रकाशांत किंचित चढउतार होतो. त्या चढउतारांच्या प्रमाणावरून यंत्र ऑक्सिजनचा आकडा काढतं. म्हणजे ज्याला ठोकाच सापडला नाही, त्याला ऑक्सिजन सापडेलच कसा? माझा स्वतःचा ऑक्सिमीटर लावला, तेव्हा नाडी ११० आणि ऑक्सिजन ८८. पुढची धावपळ तुम्ही सगळ्यांनी केलीत, ती पुन्हा सांगत नाही. काका समोर हसतायत, तेवढं पुरे.

म्हणून ऑक्सिमीटरची पहिली आणि फुकटातली परीक्षा हीच, मनगटाची नाडी मोजून यंत्राशी ताडायची. दोन-चार ठोक्यांचा फरक चालतो. वीस-तीसचा फरक आला, तर तो ऑक्सिजनचा आकडा विसरून जा. एक अपवाद आहे. ज्यांचे ठोके मुळातच अनियमित असतात, त्यांच्या बाबतीत ही परीक्षा फसू शकते. त्यांनी डॉक्टरांसमोरच यंत्र ताडून घ्यावं.

पण नाडी जुळली म्हणजे ऑक्सिजन बरोबरच, असं मात्र नाही. निरोगी माणसाच्या बोटावर जवळजवळ प्रत्येक यंत्र ९७-९८ दाखवतं. खरी परीक्षा खालच्या आकड्यांची असते, आणि ती घरी करता येत नाही. चांगल्या कंपन्या निरोगी स्वयंसेवकांना देखरेखीखाली कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासतात आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळवतात. पैसे जातात ते या कामाचे. त्याचा निकाल माहितीपत्रकात एका ओळीत असतो : ७० ते १०० टक्क्यांमध्ये अचूकता अधिक-उणे २. ही ओळ नसेल, तर यंत्र घेऊ नका.

आणि ओळ असेल तर तिचा अर्थ नीट समजून घ्या. अधिक-उणे २ म्हणजे फरक दोनच्या पुढे कधीच जात नाही, असं नव्हे. साधारण तीनपैकी दोन वेळा फरक दोनच्या आत असतो, उरलेल्या वेळी जास्त. यंत्रानं ९३ दाखवलं, तर खरा आकडा ९१ही असेल आणि ९५ही. त्यामुळे एका आकड्यानं घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. तेच यंत्र, तेच बोट, दिवसातून ठरावीक वेळा मोजून वहीत लिहा. सकाळी ९७, दुपारी ९५, रात्री ९३ ही घसरण एकट्या ९३ पेक्षा जास्त बोलते. गडद त्वचेवर ही यंत्रं कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, हेही आता माहीत झालंय. म्हणून काकांसारखी धाप असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर यंत्र काहीही म्हणो, माणसाकडे बघा.

मोजायची पद्धतही सांगतो, कारण अर्ध्या तक्रारी यंत्राच्या नसतातच. पाच मिनिटं शांत बसा. हात गार असेल तर चोळून ऊबदार करा. नेलपॉलिश काढा, मेंदीचं बोट टाळा. हात टेबलावर स्थिर ठेवा, वर ऊन किंवा झगझगीत दिवा नको. पहिला आकडा धरू नका. अर्धं-एक मिनिट थांबा, आकडा स्थिरावू द्या. पडद्यावर नाडीची लाट दिसणारं यंत्र मिळालं तर तेच घ्या. लाट एकसारखी असेल तर आकडा घ्यायचा, वेडीवाकडी असेल तर नाही.

आणि एक गंमत. मागे आपल्या एका शेजारणीनं घाबरून फोन केला की ऑक्सिजन ८६ झालाय. जाऊन बघतो तर यंत्र उलट्या बाजूनं वाचलं होतं. 98 उलटं धरा, 86 दिसतं! तेव्हा आकड्याशेजारी SpO2 ही अक्षरं सुलट दिसतायत ना, ते आधी बघा.

पेन्सिल घालून पाहायची परीक्षा बऱ्याच जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिली असेल. पेन्सिलला आकडा दाखवला म्हणजे यंत्र खोटं, असं त्यात सांगतात. मला ती परीक्षा पटत नाही. हात हलला की प्रकाशात चढउतार होतो आणि चांगलं यंत्रही त्याला क्षणभर ठोका समजू शकतं. श्वास रोखून बघायचा प्रकार तर आजारी माणसानं करूच नये. त्यापेक्षा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा आपलं यंत्र खिशात न्या, आणि त्यांच्या मॉनिटरचा क्लिप शेजारच्या बोटाला लावून दोन्ही आकडे एकाच वेळी बघा.

एक धोका यंत्र चांगलं असलं तरी उरतोच. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली, तर ऑक्सिमीटर त्या विषारी वायूनं भरलेलं रक्तही ऑक्सिजनचं समजतो आणि खुशाल ९८ दाखवतो. तिथे आकडा बघत बसायचं नाही. माणसाला मोकळ्या हवेत आणायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता थर्मामीटर. याची परीक्षा मात्र घरी चांगली करता येते. बरेच जण बर्फाच्या पाण्यात घालून शून्य येतं का बघतात. तापाचा थर्मामीटर तिथे Lo असं दाखवतो, कारण साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या खालचं तो मोजतच नाही. तो बिघडलेला नसतो.

मी केलेली परीक्षा सांगतो. मोठ्या पातेल्यात दोन-तीन लिटर कोमट पाणी घेतलं, बाळाच्या अंघोळीला चालेल इतपत. आमचा, शेजारचा आणि मुलीचा, असे तीन डिजिटल थर्मामीटर रबर बँडनं एकत्र बांधले आणि फक्त टोकं पाण्यात बुडवली. पाणी हळूहळू ढवळत राहिलो, नाहीतर वर ऊन आणि खाली गार राहतं. बीप वाजल्यावरही मिनिटभर तसेच ठेवले. आमचा १००.४, शेजारचा १००.२ आणि मुलीचा ९९.० फॅरनहाइट. थर्मामीटर सर्वांत वर गेलेला आकडा धरून ठेवतो, म्हणून बंद-चालू करून हाच प्रकार आणखी दोनदा केला. पाणी थोडं निवत गेलं, तसे आकडे थोडे उतरले, पण मुलीचा थर्मामीटर दर वेळी सव्वा-दीड अंशानं खालीच.

चांगल्या डिजिटल थर्मामीटरची चूक अधिक-उणे ०.२ फॅरनहाइट असते. म्हणजे दोन चांगल्या थर्मामीटरांत ०.४ पर्यंत फरक दिसू शकतो. आमचा आणि शेजारचा त्यात बसले. मुलीच्या थर्मामीटरची बॅटरी बदलली, तरी फरक गेला नाही, म्हणून तो टाकला. नातवाला १०० ताप असताना तो ९८.६ दाखवून "ताप नाही" म्हणाला असता. ही परीक्षा तीन थर्मामीटरांशिवाय करू नका. दोघांत फरक आला तर खोटा कोणता ते कळत नाही. आणि पाऱ्याचा थर्मामीटर या कामाला नको. पाणी जास्त गरम झालं तर तो फुटेल.

बऱ्याच वेळा थर्मामीटर बरोबर असतो आणि मोजणं चुकतं. तापमान वाढायचा वेग मंदावला की डिजिटलची बीप वाजते. काखेत त्यानंतरही आकडा चढत राहतो. म्हणून काखेत चांगली चार-पाच मिनिटं ठेवा, आणि काखेचा आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, हे लक्षात ठेवा. डॉक्टरांना सांगताना "काखेतला" की "तोंडातला" तेही सांगा. गार पाणी किंवा चहा प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं तोंडात मोजू नका. कपाळासमोर धरायची बंदूक झोपलेल्या बाळासाठी सोयीची, पण ती कातडीचं तापमान बघते. घाम, एसी, उन्हातून येणं, सगळ्यानं आकडा फिरतो. तिच्यावर Body आणि Surface असं बटण असतं, ते चुकून Surface वर गेलं तर तापातला माणूसही थंड दिसतो. बंदुकीत ताप दिसला की साध्या थर्मामीटरनं खात्री करा.

शेवटी खरेदी. थर्मामीटरमध्ये हिक्स आणि ओम्रॉन ही नावं मी वर्षानुवर्षं वापरलेली आहेत. ऑक्सिमीटरमध्ये नोनिन आणि मासिमो ही हॉस्पिटलमधली नावं, पण महाग. बोटावरचा पहिला ऑक्सिमीटर नोनिननंच १९९५ साली आणला. घरासाठी बीपीएल किंवा ब्युरर बघायला हरकत नाही. मात्र नावाची नक्कल होते, म्हणून पेटी उलटून बघा. आपल्याकडे आता अशा यंत्रांना परवाना लागतो. भारतात बनलेल्या यंत्रावर MFG/MD आणि आयात केलेल्यावर IMP/MD असा सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता आणि बॅच नंबर हवा. बारीक अक्षरात "वैद्यकीय वापरासाठी नाही" असं असेल तर ते खेळणं समजा. नुसता एफडीएचा शिक्का बघून भुलू नका. अमेरिकेची ती संस्था उत्पादनावर छापायला शिक्का देतच नाही. पक्कं बिल घ्या आणि दुकानातच नाडी ताडून बघा.

माझ्याकडे दोन तपासलेले थर्मामीटर आहेत. येत्या रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये पातेलं आणि कोमट पाणी घेऊन बसतो. आपापले थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन या, नव्या सेलसकट. त्या पाचांतले उरलेले चार कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतील तर तेही आणा. ते मला परत द्यायचे नाहीत, ई-कचऱ्याच्या पेटीत टाकायचेत.