पाणी लाल झालं म्हणजे औषध निघालं का? व्हिनेगर, मीठ, सोडा आणि द्राक्षं

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग आमच्या तळोज्याच्या स्वयंपाकघरातून सुरू होतो. बायकोला पाचवा महिना चालू आहे, डॉक्टरांनी फळं खायला सांगितलीत, आणि फेब्रुवारी असल्यामुळे फेज टूच्या रस्त्यावर हातगाड्यांवर नाशिकची द्राक्षंच द्राक्षं. मी एक किलो घेऊन आलो. आईने पिशवी हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "थांब, आधी विष काढते."

तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला होता. पातेल्यात पाणी, त्यात मीठ, हळद आणि खायचा सोडा. द्राक्षं टाकायची, वीस मिनिटं थांबायचं. आईने तसंच केलं आणि पाणी खरंच तांबूस लाल झालं! आई म्हणाली, "बघ, केवढं औषध निघालं." आणि मग दुसरं वाक्य, जे मला जास्त लागलं: "एवढं निघालं तर आत किती असेल? तिला द्राक्षं द्यायचीच नाहीत."

आता मी केमिस्ट नाही, कोड लिहितो. पण आमच्या कामात एक सवय लागते. बदल केल्यावर काहीतरी वेगळं दिसलं, तर आधी तो बदल न करता तेच चालवून बघायचं. म्हणून मी दुसरं पातेलं घेतलं. तेवढंच पाणी, तेवढीच हळद, तेवढाच सोडा, आणि द्राक्षं अजिबात नाहीत. पाणी तसंच लाल झालं.

कारण आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं आहे. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो. हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो. हळदीला अल्कली भेटली की ती लाल होते, आणि खायचा सोडा अल्कलीच आहे. म्हणजे व्हिडिओतला लाल रंग हळदीचा होता, फवारणीचा नव्हता. कीटकनाशकाचा उरलेला अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या छोट्या अपूर्णांकात मोजतात. तो पाण्यात उतरला तरी डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही. तो पकडायला प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. त्यामुळे पाण्याचा रंग बघून औषध निघालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

जाता जाता आणखी एक. द्राक्षावर जो पांढरट थर असतो, तो बहुतेक वेळा फळाचं स्वतःचं मेण असतं. बोटाने पुसला जातो म्हणून लोकांना ती पावडर वाटते. उलट तो थर शाबूत असेल तर घड फारसा हाताळलेला नाही, असं समजायचं.

मग धुण्याने नक्की काय होतं? अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने यावर काम केलं, ते २००० साली प्रसिद्ध झालं. त्यांनी बाजारातली आणि शेतातली फळं-भाज्या घेतल्या आणि साध्या नळाच्या पाण्याखाली धुतल्या. बारा औषधांपैकी नऊ औषधांचे अंश धुण्याने कमी झाले. तीन हलली नाहीत, आणि त्यात क्लोरपायरीफॉस होतं, जे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगलंच ओळखीचं आहे. पण मला सगळ्यात रंजक वाटली ती दुसरी गोष्ट. औषध पाण्यात किती विरघळतं, याचा आणि ते किती निघतं याचा फारसा संबंध दिसला नाही. म्हणजे पाणी औषधाला विरघळवून नेतं असं कमी, आणि वरची धूळ, तिला चिकटलेले कण घासून आणि वाहून नेतं असं जास्त. काम मुख्यतः धारेचं आणि चोळण्याचं आहे. नुसतं बुडवून ठेवण्यात तेच तर होत नाही.

आता व्हिनेगर. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण चार टक्के अ‍ॅसिड असतं. आपण काय करतो? तीन लिटरच्या पातेल्यात दोन मोठे चमचे घालतो, म्हणजे तीस मिलिलिटर. हिशोब करा: अ‍ॅसिड झालं सव्वा ग्रॅमच्या आसपास, तीन लिटरमध्ये. म्हणजे ०.०४ टक्के. एवढ्या पातळ पाण्याला आंबटपणाही जेमतेम येतो. एक टक्का करायचं तर त्या तीन लिटरमध्ये जवळजवळ पाऊण लिटर पाण्याच्या जागी व्हिनेगर ओतावं लागेल. रोज कोण करणार? आणि केलं तरी, फवारणीतली बरीचशी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं आंबट पाण्यात टिकतात आणि अल्कलीत तुटतात. व्हिनेगर नेमकं उलट्या दिशेला नेतं. जंतूंसाठी घट्ट व्हिनेगरचा थोडा उपयोग आहे, पण तो प्रश्न वेगळा.

मीठ. दोन टक्के मिठाचं पाणी म्हणजे लिटरला वीस ग्रॅम, तीन लिटरला साठ ग्रॅम, तीन-साडेतीन मोठे चमचे. चिमूटभर मीठ म्हणजे काहीच नाही. काही प्रयोगांत मिठाच्या पाण्याने साध्या पाण्यापेक्षा थोडं जास्त निघालं, काहींत फरक नाही. औषध कुठलं, भाजी कुठली यावर ते ठरतं. आणि तेलकट, मेणाला धरून बसणारी औषधं मिठाच्या पाण्यात उलट कमी विरघळतात. मग आपल्या आज्या फ्लॉवर मिठाच्या पाण्यात का घालायच्या? अळ्यांसाठी! अळ्या बाहेर येतात, तरंगतात, दिसतात. त्या कामाला मीठ उत्तम आहे. आपण जुन्या उपायाला नवं काम चिकटवलं, एवढंच.

राहिला सोडा. इथे थोडा दम आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली सफरचंदांवर दोन औषधं लावली, थायाबेंडाझोल आणि फॉस्मेट, आणि एक टक्का सोड्याच्या पाण्यात ठेवली. सालीवरचं थायाबेंडाझोल निघायला बारा मिनिटं लागली, फॉस्मेटला पंधरा. साध्या पाण्यापेक्षा सोडा सरस ठरला, कारण ही दोन्ही अल्कलीत तुटतात. एक टक्का म्हणजे तीन लिटरला तीस ग्रॅम, सपाट दोन मोठे चमचे. पण त्याच अभ्यासातली पुढची ओळ व्हिडिओत कधी येत नाही. चोवीस तासांत थायाबेंडाझोलचा सुमारे वीस टक्के भाग सालीतून आत शिरला होता, आणि तो धुण्याने निघाला नाही.

आणि हा "आत शिरलेला" भाग समजून घ्यायला आपल्या नाशिकच्या द्राक्षांइतकं चांगलं उदाहरण नाही.

२०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. हे कीटकनाशक नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नुसती पानं-फांद्यांची वाढ थांबावी आणि काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते वापरायचे. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीआधी तपासणी होत होती, पण तपासायच्या यादीत सीसीसीच नव्हतं. कंटेनर अडकले, शेतकरी आणि निर्यातदारांचं मोठं नुकसान झालं, आणि पुढे ते यादीत आलं.

आता गंमत बघा. सीसीसी पाण्यात प्रचंड विरघळतं. "पाण्यात विरघळतं म्हणजे धुतलं की जातं" हे खरं असतं, तर ते सगळ्यात आधी निघायला हवं होतं. पण फवारणी झाली एप्रिलनंतर, घड लागले ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. म्हणजे औषध मारलं तेव्हा ती द्राक्षं जन्मालाही आली नव्हती! ते वेलीत राहिलं आणि काडीतून फळात आलं. त्या मण्यांच्या सालीवर धुण्यासारखं काही नव्हतंच. व्हिनेगर, मीठ, सोडा, हळद, कशाचाही तिथे हात पोचत नाही.

अशा अंशावर उपाय शेतात आहे. कुठलं औषध, किती, आणि शेवटची फवारणी ते काढणी यात किती दिवस, हे औषधाच्या लेबलवर दिलेलं असतं. ते पाळलं तर अंश मर्यादेत राहतो. ग्राहकाच्या पातेल्यात ते काम होत नाही.

हे मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबरच बोलले, द्यायचीच नाहीत." प्रश्न रास्त होता. म्हणून शेवटचे आकडे. केंद्र सरकारच्या तपासणी योजनेत २०१४-१५ साली देशभरातून २०,६१८ नमुने तपासले, त्यात भाज्या, फळं, धान्य, मसाले सगळं होतं. मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडला ५४३ नमुन्यांत, म्हणजे २.६ टक्के. शून्य नाही, आणि त्या ५४३ मागे कुणाचा तरी निष्काळजीपणा आहेच. पण प्रत्येक घड विषारी, असंही नाही. रोज एकच फळ किलोभर खाण्यापेक्षा आलटून पालटून खाल्लं, तर एकाच औषधाचा अंश पोटात साठत राहण्याची शक्यता कमी होते. बायकोच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं: धुऊन खा, बदलून खा, बंद करू नका.

आता आमच्या घरी काय चालतं ते सांगतो. द्राक्षं आणल्यावर लगेच धूत नाही, ओली ठेवली तर सडतात. खायच्या आधी देठापासून सुटी करून चाळणीत घेतो आणि नळाखाली अर्धा-एक मिनिट हाताने चोळतो. तळोज्यात ज्या दिवशी नळ कोरडा असतो, त्या दिवशी पातेल्यात चोळून पाणी तीनदा बदलतो, आणि ते पाणी कुंड्यांना. पालेभाजी पानं सुटी करून, फ्लॉवर तुरे मोकळे करून, कोबीची वरची दोन पानं काढून. काकडी, सफरचंद सोलायच्या आधी धुतो, नाहीतर सालीवरचं सुरीबरोबर आत जातं. सफरचंद सालीसकट खायचं असेल तर सोड्याचं पाणी, पंधरा मिनिटं, आणि नंतर पुन्हा साध्या पाण्याने.

आणि दोन गोष्टी अजिबात नाही. भांड्यांचा साबण फळांना लावायचा नाही, तो फळात मुरतो. आणि ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर कधीच मिसळायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जीवावर बेतू शकतो, आणि हा धोका द्राक्षावरच्या अंशापेक्षा कितीतरी मोठा आहे.

परवा आईने स्वतः द्राक्षं चोळून धुतली आणि वाटी बायकोच्या हातात दिली. हळद घातली नव्हती. सोडा मात्र चमचाभर घातला होता. मी विचारलं, तर म्हणाली, "असू दे रे, नुकसान तर नाही ना?" नाही, नुकसान नाही. मीही दोन-चार मणी उचलले.

भेटू पुढच्या भागात.