फुकटच्या जाहिराती, नेमके शब्द

तर मंडळी, गूगल अ‍ॅड ग्रँट्समध्ये पात्र संस्थेला महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट मिळतात. रोख पैसा नाही हं! आणि क्लिकचं प्रमाण ५ टक्के राखावं लागतं. सलग दोन महिने घसरलं, तर खातं बंद पडू शकतं.

समजा, वाचनालयासाठी ‘मोफत पुस्तकं’ हा कीवर्ड लावला. जाहिरात हजारदा दिसली, क्लिक तीस. म्हणजे ३ टक्केच. कारण हे शोधणाऱ्याला पुस्तकं हवी असतात, द्यायची नसतात. मी ‘मुलांच्या वाचनालयाला देणगी’ असा कीवर्ड घेईन. शोधणारे थोडेच, पण देणारे.

देणगी घेतानाच पॅन घ्या, नाहीतर ८०जीचं प्रमाणपत्र अडू शकतं. ते पाठवताना त्या पैशांतून काय आणलं तेही कळवा. त्याच मेलमध्ये पुन्हा पैसे मात्र मागू नका.